आकडे वाढू देत

परीक्षेसाठी पेशंट गोळा करणं हे काम आमच्या विभागात माझ्या गळ्यात मारलेलं आहे. मी मेडिसिनची लेक्चरर. वर्षातून दोनदा डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा असते, बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येतो, आणि त्याला दाखवायला 'चांगल्या केसेस' लागतात. चांगली केस म्हणजे ज्याला बरंच काही झालंय आणि ते हाताला लागतं, असा माणूस. हे वाक्य मी कितीदा बोलले असेन देव जाणे, पण या वेळी ते लिहितानाही मला शिसारी येते आहे.

गेल्या खेपेला परीक्षक नाक मुरडून गेला होता. म्हणे, खोकला आणि ताप सोडून तुमच्याकडे काही येतच नाही का? विभागप्रमुखांना, म्हणजे आमच्या मोठ्या सरांना, ते फार लागलं. तेव्हापासून ते वॉर्डात फिरायचे ते पेशंट बरे होतायत का हे बघायला नाही, तर त्यांच्यात दाखवण्यासारखं काय आहे ते हेरायला. आणि मग त्यांच्या हाताला इस्त्रीवाली लागली.

ती एका लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची. वय पंचविशीच्या आतलं, अंगानं काडी, आणि पोट मात्र पुढे. टेबलाशी उभं राहिलं की पोट कडेला टेकायचं म्हणून ती तिरकी उभी राहून इस्त्री करायची. कामावरच्या बायका विचारायच्या, कितवा महिना? तिला वाढवलं मावशीनं, आणि वॉर्डातही मावशीच सोबतीला होती. "आमच्या पोरीचं लग्न नाही, कार्य नाही, आणि डोहाळे विचारणाऱ्या बायका मात्र छप्पन्न," असं ती आल्या दिवशीच सगळ्या वॉर्डाला ऐकवून मोकळी झाली.

पोटात मूल नव्हतं, प्लीहा होती. डाव्या बरगड्यांखाली मुठीएवढा अवयव, निरोगी माणसात तो बाहेरून हाताला लागतही नाही. हिची प्लीहा बरगड्यांखालून निघून, बेंबी ओलांडून उजव्या बाजूला उतरली होती. लहानपणी कधीतरी यकृताकडे जाणारी मोठी शीर बंद पडली होती, यकृत मात्र ठणठणीत. पुढे रस्ता बंद, म्हणून रक्त मागे तुंबलं आणि वर्षानुवर्षं प्लीहा फुगत गेली. अन्ननलिकेतल्या शिराही तशाच फुगल्या होत्या. एकदा तिला रक्ताची उलटी झाली, तेव्हा लाँड्रीतली शुभ्र चादर खराब झाली म्हणून मालक ओरडला होता. हे ती हसत सांगायची. मला हसू येत नसे.

प्लीहेचं रोजचं काम गाळणीचं. म्हाताऱ्या, मोडक्या रक्तपेशी ती अडवते आणि निकालात काढते. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी; त्यातल्याही तिसरा हिस्सा तिच्यात नेहमीच मुक्कामाला असतो. पण गाळणी एवढी वाढली की चांगल्याचुंगल्या पेशीही आत गेल्या की बाहेर येत नाहीत. दहातल्या नऊ प्लेटलेट तिथंच अडकतात. तांबड्या पेशी अडकतात, पांढऱ्या अडकतात, आणि बोटातून काढलेल्या थेंबात तिन्हींचे आकडे पडलेले दिसतात. हाडांतल्या मज्जेची तपासणी आम्ही केली होती. तिथं पेशी धडाधड तयार होत होत्या, जास्तच होत होत्या. म्हणजे रक्त बनत नव्हतं असं नाही, ते वाटेत गिळलं जात होतं. तिच्या प्लेटलेट अठ्ठावीस हजार होत्या. निरोगी माणसाच्या दीड लाखाच्या वर असतात. दात घासले की बेसिन लाल व्हायचं.

यावर उपाय होता आणि तो ठरलाही होता. प्लीहा काढायची आणि तिथली तुंबलेली शीर मूत्रपिंडाच्या शिरेला जोडून रक्ताला नवी वाट काढून द्यायची. प्लीहा गेल्यावर काही जंतू जड जातात, म्हणून त्यांच्या लसी आधीच देऊन झाल्या होत्या. सर्जन राजी होता, भूलवाल्या बाई राजी होत्या. तारीख मिळाली आणि नेमकी ती परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात आली.

"एवढी प्लीहा मला गेल्या दहा वर्षांत बघायला मिळालेली नाही," मोठे सर मला म्हणाले. "परीक्षक खूश होऊन जाईल. ऑपरेशन काय, परीक्षेनंतर करता येईल."

"सर, तिच्या अन्ननलिकेच्या शिरा—"

"इतकी वर्षं फुटल्या नाहीत, दोन आठवड्यांत फुटतायत होय?"

एकदा फुटल्या होत्या. केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मी ते बोलायला तोंड उघडलं तोवर सर पुढच्या खाटेकडे गेले होते.

दुसऱ्या दिवशी राउंडला मावशीनं सरळ विचारलं, "साहेब, पोरीला कधी घेताय आत?"

सरांनी इस्त्रीवालीच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा हा हात मला चांगला माहीत आहे. पेशंटला टांगून ठेवायचं असलं की तो डोक्यावर येतो. "घेऊ की. पण आकडे बघितलेस का? एवढ्या कमी प्लेटलेटवर चाकू कोण लावणार? आधी आकडे वाढू देत. चांगलं खा-पी, आराम कर. आकडे वाढले की लगेच करू."

मी तिथंच उभी होते. मूग गिळून. आकडे प्लीहेमुळे पडलेत, प्लीहा आहे तोवर ते वाढणार नाहीत, हे दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे ज्या दाराला कुलूप घातलंय, ते दार उघडलं की किल्ली देतो असं तिला सांगितलं गेलं होतं. आणि ते इतक्या मायेनं की मावशीनं सरांना हात जोडले.

मग सुरू झाला तो किळसवाणा प्रकार. किळसवाणी ती नव्हे, ती बिचारी जिवापाड कामाला लागली. बीट खाऊन तिची जीभ जांभळी झाली. पालक, खजूर, मनुका, जे कुणी सांगेल ते. मावशी डब्यातून बीटाचा रस आणायची आणि समोर बसून शेवटच्या घोटापर्यंत पाजायची. सकाळी रक्त काढायला माणूस आला की इस्त्रीवाली हात पुढे करायची आणि दुपारी मी दिसले की विचारायची, "वाढले, मॅडम?"

"अजून तसेच आहेत," मी म्हणायचे.

"मी काल सगळं जेवले होते."

तिला वाटायचं, चूक तिचीच. हे बघून मी सरांना केबिनमध्ये गाठलं. ते म्हणाले, "बरं, मग एक प्लेटलेटची पिशवी लावा. तेवढंच समाधान." कुणा भल्या माणसानं सुई टोचून घेऊन दिलेली ती पिशवी तिच्या नसेतून गेली, आणि दुसऱ्या दिवशी आकडा होता तिथंच. राहणारच होता. पिशवीतल्या पेशीही त्याच गाळणीत जाऊन बसल्या. कुणाचं तरी रक्त आम्ही तिला समाधान म्हणून पाजलं आणि समाधानही झालं नाही. ती भिंतीकडे तोंड करून रडली. मावशी म्हणाली, "दुसऱ्याचंही रक्त हिला लागत नाही बाई, हिच्या नशिबातच काहीतरी आहे." मला स्वतःची लाज वाटली, आणि तरीही मी गप्प राहिले. माझी कायम नेमणूक सरांच्या सहीवर अडकलेली होती. एवढं साधं आणि एवढं गलिच्छ कारण.

परीक्षेच्या दिवशी वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत तिची खाट लावली. बाहेरचा परीक्षक सकाळीच आला. टक्कल, बारीक आवाज, चेहऱ्यावर आठ्या. त्यानं स्वतः आधी तिचं पोट तपासलं आणि सरांकडे वळून मान डोलावली. सरांचा चेहरा फुलला. जणू प्लीहा त्यांनीच वाढवली होती.

मग एकामागून एक मुलं. थंड हात, घामेजलेले हात, नखं न कापलेले हात. एकानं तर नुकतंच काहीतरी तळलेलं खाल्लं होतं, त्याची बोटं तिच्या पोटावर चमकत होती. प्रत्येक जण पेननं प्लीहेची कडा तिच्या कातडीवर आखायचा, आणि पुढच्याला उत्तर आयतं मिळू नये म्हणून ती रेघ पुसायचं काम माझं. स्पिरिटचा बोळा घेऊन मी पुसत होते. कमी प्लेटलेटच्या अंगाला तेवढंही सोसत नाही. आधी लाल ठिपके उठले, मग जिथं जिथं बोटं रुतली होती तिथं निळसर डाग पडायला लागले. दुपारच्या मुलांना रेघेची गरजच उरली नाही. त्यांनी डाग बघूनच ओळखलं की कुठं दाबायचं. मी ब्लाउजच्या बाहीला नाक पुसत खिडकीशी जाऊन उभी राहिले.

जेवणानंतर एक धिप्पाड मुलगा आला. त्यानं पहिल्याच झटक्यात हात डाव्या बरगडीखाली ठेवला. ही चूक डॉक्टरी शिकणाराच करू शकतो, इतरांना एवढं शिक्षणच नसतं. प्लीहा शोधायची ती उजव्या ओटीपोटातून, श्वासाबरोबर हळूहळू वर सरकत, कारण शोधायची असते तिची कडा. याचा हात सुरुवातीलाच प्लीहेच्या मधोमध बसलेला, मग कडा कुठून लागणार? त्याला वाटलं, पोट कडक आहे. त्यानं आणखी दाबलं. मग दुसरा हात वर ठेवून दाबलं. इस्त्रीवालीचे ओठ पांढरे पडले.

"प्लीहा हाताला लागत नाही, सर," तो म्हणाला.

"अरे गाढवा," परीक्षक ओरडला, "तुझा हात कशावर ठेवलायस?"

सगळे हसले. सरही हसले, पोट हलवून. तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात गेलं. एवढी फुगलेली प्लीहा अशा दाबानं फाटू शकते, आणि फाटली तर या आकड्यांवर रक्त थांबवणं मुश्कील. हे त्या खोलीत आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी पुढे होऊन त्या मुलाचा हात उचलून बाजूला केला. दिवसभरात मी केलेली पहिली चांगली गोष्ट.

त्यानंतर आली एक चष्मेवाली मुलगी. तिनं आधी हात एकमेकांवर चोळून गरम केले. डाग बघितले आणि थांबली. "कुठं जास्त दुखतंय?" तिनं विचारलं. दिवसभरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मग उजवीकडून, हलक्या बोटांनी, श्वास घ्यायला सांगत ती वर आली, कडेपाशी थांबली आणि लगेच हात काढून घेतला. रेघ आखली नाही, नुसतं बोटानं दाखवलं.

परीक्षकाच्या आठ्या थोड्या सैल झाल्या. आता परीक्षेत एक नवीन पद्धत आली आहे. आजार आणि उपचार पेशंटला त्याच्या भाषेत समजावून सांगायचे, त्याला वेगळे गुण. तो म्हणाला, "हिला सांग बघू तिला काय झालंय. पुस्तकी शब्द वापरलास तर गुण कापीन."

मुलगी खाटेच्या कडेला बसली. "ताई, तुमच्या रक्ताच्या पेशी तुमच्या हाडांत छान तयार होतायत. पण पोटातला हा अवयव फार मोठा झालाय, आणि तो त्या पेशी स्वतःत अडकवून ठेवतोय. म्हणून रक्त तपासलं की आकडे कमी दिसतात."

"म्हणजे मी नीट खात नाही म्हणून नाही?" इस्त्रीवालीनं विचारलं.

"छे हो. तुम्ही कितीही खाल्लं, कुणाचं रक्त लावलं, तरी ते यातच जाऊन बसेल."

"मग उपाय काय?" परीक्षक म्हणाला.

"ऑपरेशन करून हा काढायचा, सर."

"आणि प्लेटलेट एवढ्या कमी असताना? आकडे वाढायची वाट बघणार?"

"नाही सर. हा आत आहे तोवर आकडे वाढणारच नाहीत. ऑपरेशनमध्ये याच्याकडे येणारी धमनी बांधली की मग प्लेटलेट लावायच्या, तेव्हा त्या टिकतात. काढल्यावर आकडे आपोआप वर येतात."

"पूर्ण गुण," परीक्षक म्हणाला आणि कागदावर काहीतरी लिहायला लागला.

इस्त्रीवाली उठून बसली. पोटावरचा झगा तिनं खाली ओढला. मावशी दारात बसली होती, तीही उठली. "मॅडम," इस्त्रीवाली मला म्हणाली, सरांना नाही, "ही पोरगी म्हणते ते खरं आहे?"

सर मध्ये पडले. "हे बघ, पुस्तकातलं वेगळं आणि—"

"मी मॅडमना विचारलं."

नेमणूक, सही, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. त्याचीही मला किळस आली. "खरं आहे," मी म्हणाले. "शब्दन् शब्द."

"मग मला बीट कशाला खायला घातलं?"

परीक्षकानं लिहिणं थांबवलं. "ऑपरेशन का थांबलंय हिचं?" त्यानं विचारलं.

"तिकडे सर्जरीवाल्यांची काहीतरी अडचण," सर म्हणाले. "तारखा मिळत नाहीत."

मी खिशातून फोन काढला, सर्जनला लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला. मुद्दाम केला. "प्लीहेच्या ऑपरेशनची ती पेशंट, तुमच्याकडे तिला कधी घेता येईल?"

"आम्ही तर आधीच घेत होतो," सर्जनचा आवाज खोलीभर घुमला. "तुमच्याच सरांचा निरोप आला, की पेशंट घाबरली, ऑपरेशनला नाही म्हणते. म्हणून तारीख दुसऱ्याला दिली. आता तयार झाली का ती?"

मी सरांच्या तोंडाकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, जणू तिथं फारच महत्त्वाचं काहीतरी चाललं होतं. मावशीचा पदर तोंडाशी गेला. मग ती हळू म्हणाली, "मी या माणसाला हात जोडले होते गं."

"तयार आहे," इस्त्रीवाली फोनकडे वाकून म्हणाली. "मी पहिल्यापासून तयार आहे. मला कुणी विचारलं नाही."

"परवा सकाळी," सर्जन म्हणाला. "पहिलीच केस."

फोन बंद झाल्यावर सरांनी घसा खाकरला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते सगळं बघू नंतर. पण दोन मुलं राहिलीत अजून. तिला जरा समजवा, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे."

मी या माणसाखाली सहा वर्षं काम केलंय. त्या घडीपर्यंत मला वाटत होतं की कुठंतरी, अगदी आत, त्याला लाज असेल. इस्त्रीवालीच्या चपला खाटेखाली गेल्या होत्या त्या वाकून काढल्या आणि तिच्या पायांशी ठेवल्या. ती मावशीच्या खांद्यावर हात टाकून खोलीतून बाहेर पडली. राहिलेल्या दोघांना परीक्षकानं खोकल्याच्या पेशंटवर तपासलं.

ऑपरेशनला मी गेले. सर्जननं आधी धमनी बांधली, मग भूलवाल्या बाईंना मान हलवून खूण केली आणि त्यांनी प्लेटलेटची पिशवी चालू केली. या वेळी गिळायला कुणी नव्हतं. थोड्या वेळानं ती काळपट जांभळी, ओली, जड वस्तू ट्रेमध्ये आली. मला तिची घाण वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. तिनं निदान कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी प्लेटलेट दोन लाखांच्या जवळ पोचल्या. मी आकडा सांगितला तर मावशीनं तो माझ्याकडून दोनदा वदवून घेतला आणि म्हणाली, "काल तर हिनं नुसतं पाणी घेतलंय." इस्त्रीवालीला हसायचं होतं, पण टाक्यांना धरून ती "हसवू नको गं" एवढंच म्हणाली. ताप आला तर एक तासही घरी थांबायचं नाही, हे मी तिला समजावत होते, तेवढ्यात दारातून मोठे सर आले. मागे विद्यार्थ्यांचा घोळका.

सरांनी रिपोर्ट उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. त्यांचा आवाज नेहमीसारखाच भरदार होता. "बघा. मी तुम्हाला नेहमी सांगतो ते हेच. प्लीहा मोठी असेल तर आकडे वाढायची वाट बघत बसायचं नाही. वाट बघणारा डॉक्टर पेशंट गमावतो. लिहून घ्या."

सगळ्या माना खाली गेल्या. पेनं चालायला लागली. सरांचा हात इस्त्रीवालीच्या डोक्याकडे निघाला होता. तिनं मान बाजूला केली.

"सर," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. "हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं, तेही लिहून घ्यायला सांगा ना."

पेनं थांबली. ते कुणी लिहून घेतलं नाही.